निरोपाच्या पत्रातील हिशेब

कारखाना किंवा कचेरी बंद होते तेव्हा कामगाराच्या हाती दोन कागद पडतात. पहिला मालकाचा. त्यात कायद्याने आवश्यक तेवढाच मजकूर असतो आणि तो बहुधा वकिलाच्या नजरेखालून गेलेला असतो. दुसरा कागद असतो त्या माणसांसोबत रोज उभ्या असलेल्या व्यवस्थापकाचा, आणि तो लिहिण्याची सक्ती कोणीच केलेली नसते. व्यवस्थापकाची स्वतःची नोकरी शाबूत असली, तर त्याचे शब्द कितीही गोड असोत, ऐकणारा मनातल्या मनात म्हणतो, ‘याचे काय गेले?’ परंतु सेवामुक्तीच्या यादीत त्याचेही नाव असेल तर हा दुसरा कागद निराळा होतो. त्याला कोणाचे मन राखायचे नसते, आणि कोणाला काही देण्याचा अधिकारही उरलेला नसतो. मात्र मस्टर कोठे आहे, कोणाची किती वर्षे भरली, कोणत्या कागदावर सही राहिली आहे, हे सारे त्यालाच ठाऊक असते, आणि तो फाटकाबाहेर पडला की ही माहितीही त्याच्याबरोबर निघून जाते. अशा माणसाने निरोपाच्या पत्रात काय लिहावे, हा प्रश्न वरवर भावनेचा वाटतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग हिशेबाचा आहे.

वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज परिसरातल्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या व्यवस्थापकापुढे हा प्रश्न उभा राहिला होता. त्या काळी जुनेच कामगार कायदे लागू होते. कारखाना लहान. कायम नोकरीत व्यवस्थापकासह अकरा माणसे : दिवाणजी, काट्यावरचा कारकून, फिटर, वीजतंत्री, कापसाची प्रत पाहणारा ग्रेडर, प्रेसवरचे तिघे आणि दोन चौकीदार. हंगाम दिवाळीनंतर सुरू होई तो मार्चअखेरपर्यंत चाले, आणि त्या काळात आसपासच्या खेड्यांतील चाळीसएक बायका कापूस निवडायला व जिनांत भरायला येत. त्यांपैकी सव्वीस जणींची नावे कारखान्याच्या स्वतःच्या मस्टरवर होती. उरलेल्या चौदा मुकादमाच्या मार्फत येत.

कारखाना बंद का झाला, हे समजायला फार खोल जावे लागत नाही. रुईची एक गाठ १७० किलोंची असते आणि तिच्यासाठी सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. जिन दिवसभर चालले तरच मजुरीचा आणि विजेचा खर्च निघतो. अर्धा दिवस चालले तरी विजेचा स्थिर आकार, विमा, बँकेचे व्याज आणि कायम माणसांचे पगार तेवढेच राहतात. या भागातील शेतकरी वर्षानुवर्षे सोयाबीनकडे वळत गेला. जो कापूस उरला तो मोठ्या, नव्या यंत्रांच्या कारखान्यांकडे जाऊ लागला. तीन हंगाम तोट्यात गेल्यावर मालकांनी यंत्रे विकून बँकेचे कर्ज फेडण्याचे ठरवले. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी अकराही जणांना एक महिन्याची नोटीस मिळाली. व्यवस्थापकाच्या नोटिशीचा मजकूर आणि तारीख इतरांच्या नोटिशीसारखीच होती. फरक एवढाच, की उरलेल्या दहा नोटिसा त्याला स्वतःच्या हाताने वाटायच्या होत्या.

नोटिसा वाटल्यावर त्याने त्याच रात्री निरोपाचे पत्र लिहायला घेतले. पहिला मसुदा अशा वेळी बहुतेक जण लिहितात तसाच उतरला. अंतःकरण जड झाले आहे, आपण एका कुटुंबासारखे राहिलो, एक दार बंद झाले तरी दुसरे उघडतेच, परमेश्वर सर्वांचे भले करो. शुद्धलेखन निर्दोष होते आणि भावही खोटा नव्हता. सकाळी त्याने तो कागद फिटरला वाचायला दिला. फिटर अठरा वर्षे त्या यंत्रांवर वाकलेला माणूस. त्याने कागद दोनदा वाचला आणि परत देत म्हटले, “साहेब, लिवलं त चांगलं हाये. पन घरी बायकोनं इचारलं का पैसे कवा भेटतीन, त यातलं कोनतं वाक्य तिले वाचून दाखवू?”

त्या मसुद्यात तसे एकही वाक्य नव्हते. ‘आपली कायदेशीर देणी यथावकाश मिळतील’ एवढेच होते, आणि ‘यथावकाश’ या शब्दाने किराणा दुकानदार उधारी देत नाही. व्यवस्थापकाने मसुदा बाजूला ठेवला आणि पत्राआधी हिशेब करायला घेतला. पुढचे चार दिवस तो आणि दिवाणजी जुन्या वह्या उघडून बसले.

फिटरचाच हिशेब उदाहरणादाखल पाहावा, कारण कोणत्याही बंद होणाऱ्या पेढीत तो याच वाटेने जातो. त्याची सेवा सतरा वर्षे आठ महिन्यांची होती. सहा महिन्यांहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून अठरा वर्षे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये. ग्रॅच्युइटीसाठी महिना २६ दिवसांचा मानतात, म्हणून एका दिवसाचे ६०० रुपये. दर वर्षामागे पंधरा दिवस, म्हणजे ९,००० रुपये, आणि अठरा वर्षांचे १,६२,००० रुपये. ही रक्कम नोकरी कोणत्या कारणाने संपली यावर सहसा अवलंबून नसते. सेवा पाच वर्षांची झाली की ती त्याचीच.

दुसरी रक्कम कारखाना बंद झाल्याच्या भरपाईची. तीही वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची असते. मात्र येथे शेवटच्या तीन महिन्यांचे सरासरी वेतन धरतात आणि त्यात इतर भत्तेही येतात. फिटरची सरासरी १७,००० होती. पंधरा दिवसांचे, म्हणजे अर्ध्या महिन्याचे ८,५०० आणि अठरा वर्षांचे १,५३,००० रुपये. अनेक जण या दोन रकमा एकच समजतात. एक मिळाली की दुसरी मिळाली असे त्यांना वाटते आणि ते पावतीवर ‘सर्व देणी पोचली’ असे लिहून सही करतात. फिटरने तशी सही केली असती, तर दीड लाख रुपये एका सहीत गेले असते.

या दुसऱ्या रकमेत एक खाचही होती. मालकाच्या आवाक्याबाहेरील, टाळता न येण्यासारख्या कारणाने उद्योग बंद झाला, तर ही भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी वेतनापुरती मर्यादित करता येते. फिटरच्या बाबतीत ती ५१,००० वर आली असती. मालकांच्या सल्लागाराने तसा विचार बोलून दाखवला होता. परंतु केवळ आर्थिक अडचण, तोटा किंवा न विकलेला साठा यांना टाळता न येणारे कारण म्हणता येत नाही, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेले आहे. व्यवस्थापकाने कोणाशी वाद घातला नाही. स्पष्टीकरणाची ती ओळ मालकांच्या पत्राला टाचून पाठवली आणि पूर्ण भरपाईचा तक्ता सोबत जोडला. मालक जुन्या वळणाचे व्यापारी होते. उत्तर यायला आठ दिवस लागले, पण तक्ता मान्य झाला.

येथे त्याच्या स्वतःच्या स्थितीचाही उल्लेख करायला हवा. बंदची भरपाई ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यालाच मिळते, आणि व्यवस्थापकीय काम करणारा त्या व्याख्येबाहेर असतो. चौदा वर्षांच्या नोकरीनंतर त्याच्या वाट्याला ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचा पगार आणि नोटिशीचा महिना, एवढेच येणार होते. ज्या कलमासाठी तो पत्रव्यवहार करत होता त्यातला एक रुपयाही त्याचा नव्हता. वय चोपन्न. घराचे कर्ज सहा वर्षे चालायचे होते आणि मुलीच्या शिक्षणाच्या कर्जाची फेड सुरू व्हायची होती. हे सारे त्याला पत्रात लिहिता आले असते. त्याने ते लिहिले नाही, कारण दहा जणांचे दुःख ऐकून घेण्याच्या वेळी अकराव्याने आपले सांगत बसले की ऐकणाऱ्यांनाच त्याचे सांत्वन करावे लागते. मात्र ‘यादीत माझेही नाव आहे’ ही गोष्ट एकदा, आणि सुरुवातीलाच सांगणे आवश्यक होते. ती न सांगितल्यास उरलेल्या प्रत्येक वाक्यावर संशय राहिला असता.

सर्वांत अवघड भाग हंगामी बायकांचा होता. त्यांना कोणी नोटीस दिली नव्हती. हंगाम मार्चमध्येच संपला होता आणि दिवाळीनंतर पुन्हा बोलावणे येईल असे त्या धरून चालल्या होत्या. त्यांना काही देणे लागते, असे मालकांच्या डोक्यातही नव्हते. परंतु १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्यात हंगामी आस्थापनेसाठी एक स्वतंत्र तरतूद होती आणि ती नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही राहिली आहे. हंगामी कामगाराला दर हंगामामागे सात दिवसांची मजुरी ग्रॅच्युइटी म्हणून मिळते. त्यासाठी कारखाना जितके दिवस चालला त्याच्या निदान पंचाहत्तर टक्के दिवस तिने काम केलेले असावे लागते. कारखाना १४० दिवस चालला असेल, तर १०५ दिवस. असे पाच हंगाम भरले की हक्क उभा राहतो.

हे सिद्ध करणारा एकमेव कागद म्हणजे मस्टर. आणि कारखाना विकला जातो तेव्हा पहिल्या आठवड्यात रद्दीत जाते ते मस्टरच. यंत्रांना खरेदीदार असतो, जुन्या वह्यांना नसतो. दिवाणजींच्या खोलीतल्या माळ्यावर बारा हंगामांची मस्टरे होती. त्यांतल्या दोघांना वाळवी लागली होती. व्यवस्थापकाने आणि दिवाणजींनी सव्वीस नावांपुढे हंगामनिहाय दिवस मोजले. नऊ जणी अटीत बसल्या. त्यांतील एकीचे नऊ हंगाम पुरे होते. रोज ३५० रुपये, सात दिवसांचे २,४५०, नऊ हंगामांचे २२,०५० रुपये. मुकादमामार्फत येणाऱ्या चौदा जणींची नावे कोणत्याच वहीत नव्हती. त्या किती वर्षे येत होत्या हे सारा कारखाना जाणत होता. पण वहीत नाव नसल्याने त्यांच्यासाठी कागदावर काही करता आले नाही, आणि पत्रातही तसे स्पष्ट लिहावे लागले.

भविष्य निर्वाह निधीचे काम वेगळ्याच प्रकारे अडते. पैसे निधीच्या कार्यालयात सुरक्षित असतात. पण ते काढायचे किंवा नव्या नोकरीत वळवायचे तर खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख नोंदलेली असावी लागते. आधार कार्डावरील नाव आणि खात्यावरील नाव जुळत नसेल, तर त्या काळी दुरुस्तीला मालकाच्या बाजूने मान्यता द्यावी लागे, आणि ती मान्यता ज्याच्या डिजिटल सहीने होई तो माणूस येथे व्यवस्थापकच होता. सोडल्याची तारीख शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी खातेदाराला स्वतःही नोंदता येते. परंतु नावातला फरक तेव्हा अडून राही. कारखाना बंद, सहीचा धनी निघून गेलेला, आणि एका अक्षराच्या फरकापायी वर्षभर हेलपाटे घालणारी माणसे कोणत्याही निधी कार्यालयाच्या बाकावर दिसत. धनजच्या अकरांपैकी तिघांच्या नोंदींत असा फरक होता. दोघांचे वडिलांचे नाव चुकलेले, एकाची जन्मतारीख. ही दुरुस्ती मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच करून घेतली गेली.

एवढे झाल्यावर पत्र पुन्हा लिहिले गेले. प्रत्येकाचा आकडा सामाईक पत्रात घातला नाही. एकाची रक्कम दुसऱ्याने वाचावी हे बरे नव्हे, आणि पैशाची बातमी गावात पसरली की मागणारेही दारात उभे राहतात. आकड्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या, बंद पाकिटांत दिल्या. सामाईक पत्र काट्याशेजारच्या फळ्यावर लागले आणि मोबाइलवरही पाठवले गेले. त्याचा मजकूर असा होता :

“सर्वांना नमस्कार. आपला कारखाना ३१ मे रोजी कायमचा बंद होत आहे. यंत्रांचा सौदा झाला आहे, त्यामुळे पुढच्या हंगामात तो सुरू होणार नाही. त्या आशेवर कोणी दुसरे काम नाकारू नये. यादीत माझेही नाव आहे आणि माझाही शेवटचा दिवस तोच आहे.

कायम नोकरीतील प्रत्येकाला दोन वेगळ्या रकमा मिळायच्या आहेत, ग्रॅच्युइटी आणि बंदची भरपाई. दोन्हींचा हिशेब तुमच्या पाकिटात आहे. तो घरी दाखवा. चूक वाटल्यास २५ मेपर्यंत मला किंवा दिवाणजींना सांगा. ग्रॅच्युइटीची रक्कम आयुर्विमा महामंडळाच्या सामूहिक योजनेत जमा आहे. अर्ज मी भरून ठेवले आहेत, फक्त सही करायची आहे. भरपाईची रक्कम मालकांनी ३१ मे रोजी खात्यात जमा करण्याचे लेखी कबूल केले आहे. पैसे खात्यात दिसल्याशिवाय ‘सर्व देणी पोचली’ अशा कागदावर सही करू नका. मी सांगितले तरी करू नका.

हंगामात येणाऱ्या नऊ भगिनींची ग्रॅच्युइटी निघते. त्यांची नावे खाली आहेत. हे पैसे विमा योजनेत नाहीत, मालकांकडून यायचे आहेत. मालकांनी अजून होकार दिलेला नाही. म्हणून ते मिळतीलच असे मी म्हणत नाही. अर्ज करण्याचा तुमचा हक्क आहे, एवढे निश्चित. मस्टरच्या छायाप्रती प्रत्येकीला दिल्या आहेत. मूळ मस्टरे मालकांच्या कारंजा येथील कचेरीत पोचवून पोच घेतली आहे. मुकादमाकडून येणाऱ्या भगिनींची नावे आपल्या वहीत नाहीत. त्यांच्यासाठी मला काही करता आले नाही.

निधीच्या खात्यावर मे महिन्याची वर्गणी भरल्यानंतर सोडल्याची तारीख नोंदवीन. कोणाची दहा वर्षे पूर्ण झाली असतील, त्यांना पेन्शनचा भाग काढून घेता येत नाही. पुढे दरमहा पेन्शन मिळते. दहा वर्षांपेक्षा कमी सेवा असेल आणि दुसरी नोकरी धरणार असाल, तर पेन्शनचे प्रमाणपत्र घ्या. म्हणजे जुनी वर्षे नव्या नोकरीत जोडली जातील.

प्रत्येकाच्या कामाचा दाखला पाकिटात आहे. त्यात मी पाहिले तेवढेच लिहिले आहे. कोणत्याही कारखान्याने चौकशी केली तर माझा नंबर द्यावा. ३१ मेनंतरही तो हाच राहील.

आपल्या काट्यावर शेतकऱ्याने कधी दुसऱ्यांदा वजन मागितले नाही, याचे श्रेय तुमचे आहे. नमस्कार.”

पत्रात नेहमीची काही वाक्ये नव्हती, आणि ती मुद्दाम गाळली होती. मालकांविषयी एकही कडवट शब्द नव्हता. बंद होण्याचे कारण मालकांच्या नोटिशीत होतेच, आणि भरपाईची रक्कम यायची असताना पत्रात आरोप घातला असता तर ते दार आधी बंद झाले असते. त्याचबरोबर मालकांच्या वतीने कोणतेही आश्वासन नव्हते. ‘लेखी कबूल केले आहे’ आणि ‘अजून होकार दिलेला नाही’ या दोन वाक्यांतला फरक राखला होता. जाणाऱ्या माणसाच्या पत्रात हा फरक पुसट झाला की वाचणारा दुसऱ्या गोष्टीवरही पहिल्याइतकाच विसंबतो आणि त्या भरवशावर कर्ज काढतो.

जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे लिहिणे मोठ्या कंपन्यांनाही जड जाते. १७ एप्रिल २०१९ रोजी मुंबईच्या जेट एअरवेजने आपली उड्डाणे थांबवली, तेव्हा कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी विनय दुबे यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिले. विक्रीची प्रक्रिया चालू असताना कर्मचाऱ्यांचे काय होणार, या प्रश्नाचे उत्तर आज आपल्याकडे नाही, असे त्यांनी त्यात मान्य केले. पुढच्याच महिन्यात त्यांनीही कंपनी सोडली. कंपनी पुन्हा उभी राहिली नाही आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचे विसर्जन करण्याचा आदेश दिला. त्या पत्रातील कबुलीने कोणाचा थकलेला पगार मिळाला नाही. पण उत्तर नाही हे पहिल्याच दिवशी समजल्याने ज्यांना दुसरीकडे जाणे शक्य होते त्यांना वाट पाहत बसण्याचे कारण उरले नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली की कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या देण्याला तारणदार बँकांच्या बरोबरीचे स्थान असते, तर कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे देणे त्यांच्या मागे येते. निधीत किंवा ग्रॅच्युइटीच्या न्यासात बाजूला ठेवलेला पैसा मात्र या वाटणीच्या बाहेर राहतो. म्हणूनच ग्रॅच्युइटी विमा योजनेत जमा आहे की फक्त मालकाच्या वहीत लिहिलेली आहे, हे वाक्य निरोपाच्या पत्रात असणे महत्त्वाचे ठरते.

कामाच्या दाखल्यांबद्दलही थोडे सांगण्यासारखे आहे. ‘प्रामाणिक, मेहनती व आज्ञाधारक’ हे तीन शब्द कोणत्याही दाखल्यावर असतात, म्हणून नवा मालक ते वाचतच नाही. व्यवस्थापकाने प्रत्येकाविषयी पाहिलेली एक घटना लिहिली. कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला की तो रोलरवर घासून ठिणगी उडते, आणि जिनिंगमधल्या बऱ्याच आगी अशाच लागतात. एका रात्री कापसाच्या गंजीतून धूर निघताना चौकीदाराने पाहिला. पाणी ओतण्याआधी त्याने जळका कापूस पंज्याने ओढून मोकळ्या जागेत नेला आणि मग विझवला. दाबलेल्या कापसात वरून पाणी टाकले तर आतली आग धुमसत राहते, हे त्याला माहीत होते. दाखल्यात हे चार ओळींत लिहिले होते. फिटरच्या दाखल्यात, रोलरचे चामडे किती गाठींनंतर घासायला हवे हे तो आवाजावरून ओळखतो, असे लिहिले होते. ग्रेडरच्या दाखल्यात त्याने ओला कापूस परत पाठवल्याचे तीन प्रसंग होते. जिनिंगचा धंदा करणाऱ्याला अशा एका ओळीतून माणूस कळतो.

३१ मे रोजी ग्रॅच्युइटीचे अर्ज रवाना झाले आणि महिन्याच्या आत पैसे जमा झाले. भरपाईची अर्धी रक्कम ठरल्या दिवशी आली. उरलेली अर्धी यंत्रांच्या खरेदीदाराने पैसे लांबवल्यामुळे ऑगस्टमध्ये आली. मधल्या काळात मालकांच्या कचेरीतून ‘सर्व देणी पोचली’ या मजकुराचा कागद सह्यांसाठी आला होता. दहांपैकी एकानेही सही केली नाही. नऊ बायकांपैकी सात जणींनी अर्ज केले. मालकांनी उत्तर दिले नाही, म्हणून त्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे गेल्या. तेथे मस्टरच्या छायाप्रती आणि मूळ मस्टरांची पोच पुढे ठेवल्यावर सुनावणीच्या दुसऱ्या तारखेला मालकांनी रक्कम मान्य केली. उरलेल्या दोघी अर्ज करायला गेल्याच नाहीत. एकीचे घर मुलाबरोबर सुरतला हलले होते. दुसरी म्हणाली, “सात दिवसाच्या मजुरीसाठी कचेरीत कोन जाते बाप्पा?” तिच्या हिशेबाची चिठ्ठी घेऊन दिवाणजी दोनदा तिच्या दारी गेले, पण तिने मनावर घेतले नाही.

मुकादमाच्या चौदा जणींना काही मिळाले नाही. त्यांच्यापैकी काही जणी पुढच्या दिवाळीनंतर दुसऱ्या जिनिंगवर कामाला लागल्या. कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी मुकादमाला विचारले, “आमचं नाव कंपनीच्या वहीत लिवलं का तुमच्या?” हा प्रश्न त्यांनी आधी कधी विचारला नव्हता. पत्रातील त्यांच्याविषयीचे ते एक कोरडे वाक्य त्यांनी कोणाकडून तरी वाचून घेतले होते.